कुलूप लावलेली घरं म्हणे सगळ्यात जास्त पाणी वापरतात! चतुर्थकाचा शिक्का चुकतोय कुठे?

घणसोलीचा_खजिनदार

नमस्कार मंडळी. आमची घणसोलीतली छोटी सोसायटी. तीन मजले, बारा फ्लॅट. यंदाच्या सर्वसाधारण सभेत मला खजिनदार केलं, म्हणजे बाकी कोणी हात वर केला नाही. वर्षभरापूर्वी प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवलाय. सेक्रेटरींचं म्हणणं असं की नोटीस बोर्डावर नुसते आकडे लावले तर कोणी वाचत नाही, म्हणून प्रत्येक फ्लॅटसमोर त्याचा गट लिहायचा. सगळ्यात कमी वापरणारी पाव घरं Q1, त्यावरची Q2, मग Q3, आणि सगळ्यात जास्तवाली Q4.

गेल्या महिन्याचे युनिट असे आहेत (१ युनिट = १००० लिटर):

१०१ – ९, १०२ – बंद, १०३ – १४, १०४ – ६
२०१ – १२, २०२ – बंद, २०३ – २५, २०४ – ११
३०१ – बंद, ३०२ – १८, ३०३ – ८, ३०४ – बंद

हे एक्सेलच्या C2 ते C13 मध्ये भरून शेजारी हे सूत्र टाकलं:

```
=IF(C2<=QUARTILE.INC(C$2:C$13,1),"Q1",
 IF(C2<=QUARTILE.INC(C$2:C$13,2),"Q2",
 IF(C2<=QUARTILE.INC(C$2:C$13,3),"Q3","Q4")))
```

निकाल पाहून मी चहा सांडला. Q4 मध्ये सहा फ्लॅट, आणि त्यातले चार तेच ज्यांना कुलूप आहे! मग भाच्याला बोलावलं, तो आयटीत आहे. त्याने "बंद"च्या जागी ० घातला आणि पायथनमध्ये एका ओळीत करून देतो म्हणाला:

```
df['gat'] = pd.qcut(df['unit'], 4,
                    labels=['Q1','Q2','Q3','Q4'])
```

त्यावर `ValueError: Bin edges must be unique`. कुठेतरी वाचून त्याने `duplicates='drop'` जोडलं, तर दुसरीच एरर. शेवटी काहीतरी रँक लावून चालवलं एकदाचं, पण आता ३०४ ला Q2 आलाय आणि बाकी तीन शून्यवाल्यांना Q1. शून्य आणि शून्यात फरक कसा काय? रविवारी कमिटीची मीटिंग आहे, तोवर कोणी समजावेल का?

फुकटचा_सल्ला

साहेब, सोपं आहे. Q1 म्हणजे एप्रिल ते जून, Q2 जुलै ते सप्टेंबर. तुमचा गेल्या महिन्याचा डेटा एकाच तिमाहीत येतो, मग चार गट पडतीलच कसे? वर्षभराचे आकडे घ्या आणि महिन्यावरून तिमाही काढा. `MONTH` चं सूत्र हवं असेल तर देतो.

घणसोलीचा_खजिनदार

नाही हो, तिमाही नाही. आकडे लहानाकडून मोठ्याकडे रचून चार भाग करायचे, ते. अकरावीला अर्थशास्त्रात विभाजन मूल्यं होती बघा, चतुर्थक, दशमक, शतमक.

फुकटचा_सल्ला

अच्छा, ते! मी सायन्सवाला. मला क्वार्टर म्हटलं की एकतर सीए आठवतो नाहीतर शनिवार. चालू द्या.

खाडीपलीकडे

मी ठाण्यात राहतो, रोजचं काम डेटाचंच आहे. तुमच्या धाग्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. आधी एक्सेलचा घेतो.

`QUARTILE.INC` रांगेतले शब्द सोडून देतं, फक्त आकडे घेतं. म्हणजे तुमच्या सीमा आठ आकड्यांवरूनच निघाल्या आणि त्या बरोबरच आहेत: ८.७५, ११.५ आणि १५. गडबड तुलनेत आहे. एक्सेलच्या लेखी कुठलाही शब्द हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. "बंद" <= ८.७५ ? नाही. "बंद" <= १५ ? तेही नाही. तिन्ही चाळण्यांतून तो खाली पडतो आणि शेवटच्या Q4 च्या डब्यात जातो. जागा नुसती रिकामी सोडली असतीत तर उलटं झालं असतं. रिकामा सेल तुलनेत शून्य धरला जातो, म्हणजे कुलूपवाले Q1 मध्ये जाऊन बसले असते. ती चूक जास्त वाईट, कारण बंद घराला कमी पाणी हे पटण्यासारखं दिसतं आणि कोणी शंका घेत नाही. तुमचा चहा सांडला ते बरंच झालं.

सीमा F1, F2, F3 मध्ये वेगळ्या काढून ठेवा म्हणजे डोळ्यांनी तपासता येतात, आणि सूत्र असं करा:

```
=IF(ISNUMBER(C2),
 IF(C2<=F$1,"Q1",IF(C2<=F$2,"Q2",
 IF(C2<=F$3,"Q3","Q4"))),"बंद")
```

एक पडताळणी मात्र कराच. कुठल्याही सेलमध्ये `=COUNT(C2:C13)` टाका, ८ यायला हवा. व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेले आकडे कधीकधी शब्द म्हणून बसतात. ७ आला तर एखादं राहतं घर "बंद" म्हणून छापलं जाईल आणि तो सभासद तुम्हाला लिफ्टमध्ये गाठेल.

घणसोलीचा_खजिनदार

लिफ्ट नाहीये आमच्याकडे, जिन्यात गाठेल. ८ च आला. खूप आभार! आता Q1 मध्ये १०४ आणि ३०३, Q2 मध्ये १०१ आणि २०४, Q3 मध्ये २०१ आणि १०३, Q4 मध्ये ३०२ आणि २०३. दोन-दोन, देखणं दिसतंय. पण भाच्याचं काय चुकलं? तो तोंड पाडून बसलाय.

निवृत्त_मास्तर

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात हेच शिकवले. आपल्या सीमाच चुकीच्या आहेत. पहिला चतुर्थक म्हणजे (n+1)/4 व्या स्थानावरील निरीक्षण. n = ८, म्हणून स्थान २.२५. दुसरे निरीक्षण ८, तिसरे ९, म्हणून Q1 = ८.२५. तिसऱ्या चतुर्थकाचे स्थान ६.७५, म्हणून १४ अधिक ४ चे पाऊण, म्हणजे १७. एक्सेल ८.७५ आणि १५ दाखवते ते पुस्तकाप्रमाणे नाही. `QUARTILE.EXC` वापरावे, ते बरोबर उत्तर देते. संगणकावर आंधळा विश्वास ठेवू नये.

खाडीपलीकडे

सर, तुमचं गणित बिनचूक आहे, `EXC` अगदी हेच देतं. पण `INC` चुकीचं आहे हे मात्र मान्य नाही. ते (n−1) घेऊन स्थान काढतं, एवढाच फरक. जुनं `QUARTILE` तसंच चालायचं, भाच्याच्या पायथनमधलं पांडाज तसंच करतं, संख्याशास्त्रवाल्यांच्या आर मध्येही न सांगता तेच मिळतं. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ पद्धती एकत्र मांडल्या आणि आर मध्ये त्या नऊच्या नऊ आहेत. तुमच्या पुस्तकातली सहावी, एक्सेलच्या `INC` ची सातवी.

आणि इथे आपल्याला सीमा छापायच्याच नाहीत, शिक्का मारायचाय. सीमा ८.२५ धरा की ८.७५, तिथे ८ आणि ९ च्या मधे कोणी राहतच नाही. १५ आणि १७ चंही तेच, १४ नंतर थेट १८. दोन्ही पद्धतींत आठही घरांचे शिक्के तेच येतात.

निवृत्त_मास्तर

या उदाहरणात येतात. नेहमी येतील असे नाही.

खाडीपलीकडे

हे मात्र शंभर टक्के खरं, सर.

आता भाचेबुवांकडे. "बंद" चा ० केल्यावर बारा आकडे झाले: चार शून्यं, मग ६, ८, ९, ११, १२, १४, १८, २५. पहिला चतुर्थक चौथ्या आकड्याच्या अलीकडे पडतो, तिथे शून्यच. सर्वात लहान आकडाही शून्य. म्हणजे पहिल्या गटाची सुरुवात ० आणि शेवटही ०. पांडाज म्हणतं, या डब्याला रुंदीच नाही, मी काय भरू? ती पहिली एरर. `duplicates='drop'` ने तो डबाच काढून टाकला, उरले तीन, आणि तुम्ही नावं दिलीत चार. ती दुसरी.

मग त्याने बहुतेक हे केलं असणार:

```
pd.qcut(df['unit'].rank(method='first'), 4,
        labels=['Q1','Q2','Q3','Q4'])
```

सगळीकडे सुचवलेलं सापडतं आणि एरर जाते हेही खरं. पण `method='first'` म्हणजे बरोबरी झाली तर जो यादीत आधी तो आधी. चार शून्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक मिळाले, पहिल्या गटात माणसं तीनच मावतात, म्हणून यादीत सगळ्यात खाली असलेलं ३०४ पुढच्या गटात ढकललं गेलं. त्याचा गुन्हा एकच, तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात राहतो. यादी उलटी लावा, १०२ Q2 मध्ये जाईल.

कळवेकरीण

थांबा थांबा, माझं हेच झालं होतं बहुतेक! मी कळव्यात दहावीच्या शिकवण्या घेते. दहा मुलं, वीस गुणांची चाचणी. मिस्टरांनी मायएसक्यूएलमध्ये सगळं बसवून दिलंय, त्यात हे आहे:

```
NTILE(4) OVER (ORDER BY gun)
```

गुण होते ६, ८, ११, ११, १२, १३, १५, १६, १७, १९. आणि ११ वाल्या दोघींपैकी एक पहिल्या गटात, एक दुसऱ्या. पहिल्या गटाला मी जादा तास लावते. आईचा फोन आला, "बाई, दोघींना सारखेच गुण, मग आमच्याच मुलीला का बसवता?" मला उत्तर देता येईना. वर गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात परत चालवलं तर दुसरीचं नाव आलं. म्हटलं भूतबीत आहे की काय.

खाडीपलीकडे

भूत नाही ताई. `NTILE` गुण बघतच नाही, रांगेतली डोकी मोजतं. दहा मुलं चार गटांत म्हणजे ३, ३, २, २, जादाची डोकी आधीच्या गटांना. तिसरी आणि चौथी दोघी ११ वर, आणि रेषा नेमकी त्यांच्या मधून गेली. बरोबरीतल्या दोघींपैकी आधी कोण हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर डेटाबेस मनाला येईल तसं लावतो. म्हणून नाव बदललं. `ORDER BY gun, roll_no` केलंत तर नाव बदलायचं थांबेल, पण आईचा प्रश्न तसाच राहील.

सारख्या गुणांना सारखा शिक्का हवा तर सीमा गुणांवरून काढाव्या लागतात. तुमच्या आकड्यांवर `INC` च्या रीतीने सीमा येतात ११, १२.५ आणि १५.७५. मग गट बघा: पहिल्यात चौघं (६, ८, ११, ११), दुसऱ्यात एकटा १२ वाला, तिसऱ्यात दोघं, चौथ्यात तिघं.

कळवेकरीण

अय्या, दुसऱ्या गटात एकच मूल? त्याला कसला गट म्हणायचा!

खाडीपलीकडे

तेच. बरोबरीचे आकडे सीमेवर आले की दोन्ही हट्ट पुरवता येत नाहीत. एकतर गट सारखे ठेवा आणि सारख्या गुणांची ताटातूट होऊ द्या, नाहीतर सारख्यांना एकत्र ठेवा आणि गट लंगडे होऊ द्या. जादा तासाला बसवायचं असेल, म्हणजे माणसाला काही भोगायला लागणार असेल, तर मी दुसरं निवडेन. बाकांवर सारखी मुलं बसवायची एवढंच असेल तर `NTILE` ठीक आहे.

कळवेकरीण

दहा मुलांत मी वहीवरच करते आता. मिस्टरांना दाखवते हे.

ऐरोलीचा_शेजारी

खजिनदार साहेब, तांत्रिक काही कळत नाही पण एक विचारतो. कुलूपवाल्या घरांना शून्य तरी का द्यायचं? आमच्याकडे असंच शून्य-शून्य म्हणून आठ महिने एका फ्लॅटचं बिल शून्य गेलं आणि नंतर कळलं की मीटरच अडकला होता. माणसं आत मजेत राहत होती. तुमच्या चारही घरांना खरंच कुलूप आहे ना?

घणसोलीचा_खजिनदार

तीन तर नक्की. १०२ वाले पुण्याला, २०२ विकायला काढलाय, ३०१ वाले मुलाकडे गेलेत. ३०४… थांबा जरा, वॉचमनला विचारतो.

घणसोलीचा_खजिनदार

मंडळी, आता काय सांगू. ३०४ मध्ये दोन महिन्यांपासून भाडेकरू आहेत! तिघंजण, वर वॉशिंग मशीन. मीटरवाचन करणाऱ्या पोराने गेल्या वेळचा आणि या वेळचा आकडा तोच बघून फरक शून्य काढला, आणि शून्य म्हणजे बंदच असणार म्हणून मी "बंद" लिहिलं. मीटरसमोर उभं राहून आत नळ सोडायला सांगितला, काटा जागचा हलत नाही.

ऐरोलीचा_शेजारी

😀 म्हटलं नव्हतं?

खाडीपलीकडे

म्हणजे भाच्याच्या यादीत ज्या ३०४ ला चुकून Q2 मिळाला, तोच एकटा खरा शून्यवाला नव्हता. योगायोग आहे, त्याचं श्रेय पायथनला देऊ नका.

या घराला शून्यही नको आणि "बंद" ही नको, "वाचन नाही" असा तिसरा शेरा द्या. एक्सेलच्या सूत्रात शेवटच्या "बंद" च्या जागी C2 लिहा, म्हणजे जो शेरा लिहिलाय तोच छापला जाईल. पायथनमध्ये ती जागा रिकामी ठेवा. `qcut` रिकाम्या जागा सीमा काढताना धरत नाही आणि त्यांना शिक्काही मारत नाही. मूळ "बंद" वाली यादी असेल तर आधी हे चालवायचं:

```
df['unit'] = pd.to_numeric(df['unit'], errors='coerce')
```

शब्द जातील, जागा रिकाम्या होतील, मग साधा `qcut` विनाएरर चालेल आणि एक्सेलसारखेच गट देईल. रँकची गरजच नाही. भाच्याला सांगा, एरर आल्यावर ती घालवण्याआधी ती का आली ते बघ. इथे ती खरं बोलत होती, की तुमच्या यादीत शून्यांचा ढीग आहे.

घणसोलीचा_खजिनदार

चाललं! त्याची कळी खुलली. पण आता नवीन भानगड. २०३ वाले म्हणतात त्यांचे २५ युनिट धरायचे नाहीत, फ्लशच्या टाकीची गळती होती, परवाच प्लंबर येऊन गेला. सेक्रेटरी म्हणतात एवढा मोठा आकडा असला की सगळ्यांचे गट बिघडतात, काढूनच टाका.

खाडीपलीकडे

सेक्रेटरींचा समज सरासरीला लागू पडतो, चतुर्थकाला नाही. करून बघा. २५ च्या जागी २५० लिहा, तिन्ही सीमा आहेत तिथेच राहतील. वरची सीमा १४ आणि १८ च्या मधे निघते, सगळ्यात मोठा आकडा किती मोठा हे तिला दिसतच नाही.

उलट तो काढलात तर गट हलतील, कारण घरं आठाची सात होतात. उरले ६, ८, ९, ११, १२, १४, १८. `INC` ने वरची सीमा १३ येते, म्हणजे १४ वालं १०३, जे आत्ता Q3 मध्ये आहे, ते Q4 मध्ये गेलं. त्यांनी एक थेंब जास्त वापरला नाही, शेजाऱ्याची टाकी गळत होती म्हणून त्यांचा शिक्का बदलला.

आणि मास्तरांचं म्हणणं इथे खरं ठरतं. `EXC` ने वरची सीमा १४ येते, आणि १४ <= १४ असल्याने १०३ परत Q3. एकच घर, एकच आकडा, दोन सूत्रं, दोन शिक्के.

निवृत्त_मास्तर

मी म्हटलेच होते. शिवाय मध्यक आता बरोबर ११ येतो, म्हणजे २०४ चा आकडा थेट सीमेवर बसला. आपण <= लिहिले म्हणून तो दुसऱ्या गटात. कोणी < लिहिले तर तो तिसऱ्यात जाईल. हे आधी ठरवून कागदावर लिहून ठेवावे, गट पाहून नंतर ठरवू नये. अन्यथा ज्याची ओळख त्याचा गट खाली.

खाडीपलीकडे

सर, हे वाक्य सोसायटीच्या इतिवृत्तात घ्यायला हवं. मी पण तेच सांगणार होतो: एक सूत्र, सीमेवरचा आकडा खालच्या गटात, महिनोन्महिने तेच. २०३ ला ठेवा आणि समोर "गळती दुरुस्त" असा शेरा लिहा.

तिसरा_मजला

मी वेगळ्या सोसायटीतली, पण न राहवून लिहिते. हे Q4 लावून पुढे काय करणार? दंड? आमच्याकडे सासू-सासरे, दोन मुलं, आम्ही दोघं. सहा माणसांचे १८ युनिट म्हणजे डोई तीन. तुमच्या १०४ मध्ये एकच माणूस राहत असेल तर तो डोई सहा वापरतोय आणि शाबासकी त्याला. बोर्डावर नाव लागलं तर आम्ही भांडायला येणारच.

घणसोलीचा_खजिनदार

ताई, तुम्ही आमच्या ३०२ वाल्या काकूंचीच बाजू मांडताय! त्याही सहा जण. आणि १०४ मध्ये खरंच एकच मुलगा आहे. दंडाचं सेक्रेटरींच्या मनात आहे, Q4 ला पाचशे रुपये. माझ्या नाही.

खाडीपलीकडे

दंड नकोच. चतुर्थक फक्त रांगेतली जागा सांगतो. उद्या या आठही घरांनी पाणी निम्म्यावर आणलं तरी कोणीतरी दोघं Q4 मध्ये असणारच, आणि सगळ्यांनी दुप्पट केलं तरी दोघांना Q1 मिळणारच. दंड लावायचा तर ठरावीक युनिटांची मर्यादा ठेवा, ती चतुर्थकातून निघत नाही. डोई काढायचं असेल तर आधी युनिट भागिले माणसं असा नवीन कॉलम करा आणि त्याचे चतुर्थक काढा. शिक्के मारल्यावर माणसांनी भागून काही होत नाही.

फुकटचा_सल्ला

आणि माणसं किती हे कोण मोजणार? आमच्याकडे पार्किंगला सगळ्यांच्या दोन-दोन गाड्या आणि जनगणनेला दोनच माणसं.

ऐरोलीचा_शेजारी

पाहुणे धरायचे का? गणपतीत आमच्याकडे आठ दिवस चौदा माणसं असतात.

निवृत्त_मास्तर

माझ्या मते आठ निरीक्षणांवर चतुर्थक काढणे हेच मुळात विनोदी आहे. एक घर म्हणजे साडेबारा टक्के. नुसते आकडे चढत्या क्रमाने लावावेत.

खाडीपलीकडे

इथे मी सरांच्या अर्धा बाजूने. पण शेजारच्या दोनशे फ्लॅटच्या टॉवरला हीच शीट द्यायची असेल तर आत्ताच नीट बसवून ठेवलेली बरी.

घणसोलीचा_खजिनदार

मीटिंग झाली. दंड बारगळला, दोन विरुद्ध चार. डोईवर काय ते ठरलं नाही, काकू आणि १०४ चा मुलगा दोघंही उठून गेले. या महिन्याला बोर्डावर आठ घरांचे शिक्के, तीन ठिकाणी "बंद", एका ठिकाणी "वाचन नाही". २०३ ला Q4 आणि शेरा. ३०४ चा मीटर शनिवारी बदलतोय. भाडेकरूंकडून मागच्या दोन महिन्यांचं पाणी कसं आकारायचं, यावर कोणाला अनुभव असेल तर लिहा. मध्यक धरून ११.५ युनिट लावावं असं एकजण म्हणतोय, ते भाडेकरू म्हणतात आम्ही तर Q1 वाले.